त्रेपन्न दिवसांची वसुली

बारक्या म्हटल्यावर कुणी किरकोळ अंगाचा माणूस डोळ्यांपुढे आणला तर फसायला होईल. सहा फूट उंची, कुठल्याही दारातून आत येताना सवयीने खाली झालेली मान आणि तळहात फावड्यासारखे. लहानपणी तो काडीसारखा होता म्हणून ताईने ठेवलेलं हे नाव आधी घरात, मग शेजारात आणि शेवटी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्याच्या कंपनीतही चिकटलं. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. औषधांच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात ती सोळा वर्षं पगार विभागात होती, आणि घरात कुणालाही पगाराची चिठ्ठी, फंडाचा फॉर्म किंवा बँकेचं पत्र कळलं नाही की ते थेट ताईच्या डायनिंग टेबलावर येऊन पडायचं.

त्या दिवशीही तो संध्याकाळी आला तेव्हा ताई भाजी निवडत होती. एका मोठ्या हॉस्पिटलने त्याला लिफ्ट विभागाचा प्रमुख म्हणून बोलावलं होतं. अकरा लिफ्ट, हाताखाली चार माणसं आणि मुख्य म्हणजे शहरभर मोटरसायकल हाणत फिरणं बंद.

"पण त्यांना मी दीड महिन्यात हवाय," बारक्या म्हणाला. "आणि आमच्याकडे नोटीस नव्वद दिवसांची. उरलेली नोटीस विकत घेता येते ना ताई?"

"येते की. कंपनीने सोडलं पाहिजे आधी. मग उरलेल्या दिवसांचे पैसे भरायचे. हल्ली पुष्कळदा नवीन कंपनी देते ते."

"देते ना? मग झालं."

"लिहून घे त्यांच्याकडून," ताई म्हणाली आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठली.

पुढे सगळं घोडं अडलं ते याच तीन वाक्यांपाशी. ताई आजही शपथेवर सांगते की 'लिहून घे' असं ती म्हणाली होती. बारक्या सांगतो की असं काही त्याच्या कानावर आलंच नाही. त्याला ऐकू आलं ते 'नवीन कंपनी देते', आणि मग कुकर.

महिन्याच्या दहा तारखेला त्याने राजीनामा टाकला. त्याच्या साहेबांनी आठवडाभर तोंड फुगवलं, मग मेल पाठवला. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला तुम्हाला मुक्त करायला मंजुरी आहे, नोटीसची वसुली नियमाप्रमाणे. बारक्याने 'मंजुरी' हा शब्द वाचला आणि मोबाईल खिशात टाकला. मंजुरी म्हणजे माफी, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मधे तीन दिवस तापाने आडवा झाला, तेवढे सोडले तर शेवटच्या दिवसापर्यंत त्याने इमानदारीत काम केलं. आपल्या हाताखालच्या पोराला कुठली लिफ्ट कुठल्या मजल्यावर हिसका देते तेसुद्धा लिहून दिलं. एकवीस तारखेला तो हॉस्पिटलमध्ये हजर झाला.

तीन आठवड्यांनी जुन्या कंपनीकडून अंतिम हिशोबाचा कागद मेलने आला.

बारक्या तो छापून घेऊनच ताईकडे आला. चप्पलसुद्धा धड काढली नाही. "हे बघ. आणि मला सांग की मी कुणाचा खून केलाय."

ताईने चष्मा लावला. असे कागद ती आठवड्याला चार बनवायची, त्यामुळे तिची नजर सरळ खालच्या ओळीवर गेली. तिथे 'कर्मचाऱ्याकडून येणे' असं लिहून पुढे शेहेचाळीस हजाराचा आकडा होता.

"म्हणजे मी चाळीस दिवस राबलो आणि वर मीच त्यांना शेहेचाळीस हजार द्यायचे?" बारक्या म्हणाला. "ते दिल्याशिवाय मुक्ततेचं पत्र देणार नाहीत. आणि ते पत्र महिनाअखेरपर्यंत दिलं नाही तर हॉस्पिटलवाले मला कायम करणार नाहीत."

"बस आधी. मला वाचू दे."

"वाचायचंय काय त्यात?"

"सगळंच वाचायचंय."

तिने पेन्सिल घेतली. बारक्याचा एकूण पगार साठ हजार, त्यातला मूळ पगार तीस हजार, बाकीचे भत्ते. शेवटच्या महिन्याचे वीस दिवस कंपनीने रोखून धरले होते, त्यांचे रोजचे दोन हजार धरून चाळीस हजार जमेला दाखवले होते. शिल्लक रजा चोवीस दिवस. तिचे चोवीस हजार. एकूण जमा चौसष्ट हजार. त्यातून फंड आणि कर मिळून चार हजार वजा. इथपर्यंत कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. पुढची ओळ नोटीसची. नव्वद दिवसांपैकी भरले सदतीस, कमी पडले त्रेपन्न. त्रेपन्न गुणिले दोन हजार, एक लाख सहा हजार.

"सदतीस कसे?" बारक्याने बोट ठेवलं. "अकरा तारखेपासून धर. त्या महिन्याचे वीस, पुढच्या महिन्याचे वीस. चाळीस होतात."

"तापाचे तीन दिवस धरले नाहीत त्यांनी."

"सर्टिफिकेट दिलंय मी डॉक्टरचं."

"म्हणून पगार कापला नाही. पण नोटीसमधे मोजले नाहीत. आमच्याकडेही तसंच करतात."

"आणि हे बघ," त्याचा आवाज चढला, "माझी रजा विकत घेताना दिवसाला हजार, आणि माझ्याकडून नोटीस वसूल करताना दिवसाला दोन हजार. दिवस तोच, माणूस तोच. हा कुठला हिशोब?"

रजेचे पैसे मूळ पगारावर, वसुली एकूण पगारावर. तिच्या कारखान्यातही हेच होतं, आणि सोळा वर्षांत तिने असे कितीतरी कागद सही करून पुढे सरकवले होते. त्यातला एकही कागद आजवर तिच्या जेवणाच्या टेबलावर आला नव्हता.

"हॉस्पिटल देणार होतं ना?" तिने विचारलं. "त्यांचं पत्र दाखव."

बारक्याने मोबाईलवर ते उघडलं. तिसऱ्या पानावर होतं. नोटीसच्या वसुलीची भरपाई जास्तीत जास्त तिथल्या एक महिन्याच्या मूळ पगाराइतकी, म्हणजे छत्तीस हजारांपर्यंत. जुन्या कंपनीचा हिशोबाचा कागद दाखवल्यावर. सहा महिने पूर्ण झाल्यानंतरच्या पगारात. नेहमीप्रमाणे कर कापून. आणि रुजू झाल्यापासून दीड वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास संपूर्ण रक्कम परत.

"हे वाचलं नव्हतंस तू?"

"पगाराचं पान वाचलं. तू म्हणालीस नवीन कंपनी देते."

"मी म्हणाले लिहून घे."

"लिहूनच आहे की हे."

"वाचून सही करायची असते बारक्या. आणि राजीनाम्याच्या आधी हे पत्र मला दाखवायला काय झालं होतं?"

"तुला विचारलं होतं मी. तू भाजी निवडत होतीस."

आतल्या खोलीतून ताईच्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि काही ऐकू येत नाही असं पाहून पुन्हा वाढवला.

"तुझी सगळी पत्रं आण," ताई शेवटी म्हणाली. "नेमणुकीचं, बढतीचं, नियमांची पुस्तिका, जे जे काही असेल ते. तोपर्यंत एक पैसा भरू नकोस."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बारक्याने जुन्या कंपनीत फोन लावला आणि ताईला जोडून घेतलं. तिकडे मनुष्यबळ विभागाच्या मॅडम होत्या. त्यांना सर्दी झालेली असावी, कारण प्रत्येक वाक्याआधी त्या नाक ओढत होत्या.

"मॅडम, वसुली एकूण पगारावर का धरलीय?" बारक्याने विचारलं.

"सिस्टीम तसंच घेते," मॅडम म्हणाल्या.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. खिडकीशी येऊन कुणी विचारलं की मान वर न करता ती हेच सांगायची, आणि समोरचा माणूस थोडा वेळ तिथे उभा राहून निघून जायचा.

"सिस्टीममध्ये कुणीतरी भरलं असेल ना मॅडम," ताई म्हणाली. "कुठल्या नियमावरून भरलं, तेवढं सांगा."

"आपण कोण?"

"त्याची बहीण."

"सॉरी, कर्मचाऱ्याच्या हिशोबाबद्दल मी बाहेरच्या व्यक्तीशी बोलू शकत नाही." नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

ताईचं त्या दुपारी कामात लक्ष लागेना. चारच्या सुमाराला प्रयोगशाळेतली एक मुलगी तिच्या खिडकीशी आली. तीही महिनाभर लवकर सोडून चालली होती आणि किती कापले जातील ते विचारत होती. ताईने तिला आत बोलावून खुर्ची दिली, तिची फाईल काढली आणि नेमणुकीच्या पत्रातली ओळ बोट ठेवून दाखवली. तिथे स्पष्ट 'एकूण मासिक पगार' असं होतं. म्हणजे त्या मुलीचं काहीच होण्यासारखं नव्हतं. पण ताईने दिवस मोजून, दर लावून सगळं कोऱ्या कागदावर मांडून दिलं, आणि शिल्लक रजा नोटीसमधे वळती करून मिळते का ते साहेबांना विचारायला सांगितलं. अर्धा तास गेला. तिचे साहेब दोनदा काचेतून डोकावले. मुलगी जाताना आभार मानून गेली, तरी ताईचं मन निवलं नाही. सांगून काय केलं आपण, कापायचे ते कापणारच आहोत, असं तिला वाटत राहिलं.

बारक्याची पत्रं दोन दिवस आलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने प्लास्टिकची पिशवी आणून दिली. "कपाटावरच्या बॅगेत होती ताई. तुम्हीच बघा, त्यांना विचारलं की अंगावर येतात," असं म्हणून ती पाणीसुद्धा न पिता गेली.

ताईने टेबल पुसून कागद तारखेप्रमाणे लावले. चार वर्षांपूर्वीचं नेमणुकीचं पत्र. त्यात नोटीस तीस दिवसांची, 'अथवा त्या बदल्यात तितक्या दिवसांचा मूळ पगार'. दोन वर्षांपूर्वीचं बढतीचं पत्र. त्यात लिफ्ट पर्यवेक्षक, नवा पगार, नोटीस नव्वद दिवस, आणि खाली एक ओळ, 'इतर अटी पूर्वीप्रमाणे'. ताईने ती ओळ दोनदा वाचली. मग दीड वर्षापूर्वीची नियमांची पुस्तिका, एकसष्ट पानांची. बाराव्या पानावर, नोटीस कमी भरल्यास एकूण पगारावर वसुली. तेराव्यावर, नोटीसच्या काळात घेतलेली कुठलीही रजा नोटीसमधे मोजली जाणार नाही. पुस्तिका आल्यावर बारक्याने मोबाईलवर 'मान्य' दाबलेलं होतं, त्याची तारीख-वेळेसह नोंद होती. ताईला वाटलं, संपलं. तरीही ती सवयीने शेवटच्या पानापर्यंत गेली. तिथे, छापखान्यात उरलेली जागा भरावी तसं बारीक अक्षरात होतं: या पुस्तिकेतील तरतूद व कर्मचाऱ्याचे नेमणूक किंवा बढतीचे पत्र यांत फरक असल्यास पत्रातील अट लागू राहील.

ताईने चष्मा काढून डोळे चोळले आणि पुन्हा वाचलं. पत्रात मूळ पगार, पुस्तिकेत एकूण. फरक आहे. म्हणजे पत्र लागू. दिवसाला दोन हजार नाही, एक हजार. एक लाख सहा हजार नाही, त्रेपन्न हजार. चौसष्टातून चार गेले, त्रेपन्न गेले, सात हजार राहिले. आणि ते कंपनीने बारक्याला द्यायचे.

तिने लगेच फोन लावला. "सापडलं. मूळ पगारच लागतो. तुला शेहेचाळीस भरायचे नाहीत, उलट तुलाच सात यायचेत."

पलीकडे लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

"ऐकतोयस ना?"

"मी भरले ताई. काल सकाळी."

"काय भरले?"

"शेहेचाळीस. स्कूटरसाठी बाजूला ठेवलेले. हॉस्पिटलच्या ऑफिसातून परत मेल आला होता पत्राबद्दल, मग गेलो आणि भरून आलो. पत्र मिळालं."

ताईने पेन्सिल टेबलावर टाकली. "भरू नको म्हणून सांगितलं होतं."

"तू काहीही सांगशील. नोकरी माझी जाईल."

"एवढंच झालं ना? सही कशावर केलीस?"

"पावती होती एक."

"काय लिहिलं होतं पावतीवर?"

त्याने वाचून दाखवलं. हिशोब पूर्ण व अंतिम असून माझी कंपनीकडे कुठलीही बाकी अथवा मागणी राहिलेली नाही.

ताईने फोन ठेवून दिला. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. समोर तारखेप्रमाणे लावलेले कागद होते, पेन्सिलीने अधोरेखित केलेल्या ओळी होत्या, आणि ते सगळं घेऊन आता कुणाच्या दारात जायचं ते तिला कळेना. भावाच्या उतावळेपणाचा राग येत होता. पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा येत होता की त्याच्या जागी ती असती तर तिनेही भरलेच असते. पत्राविना माणूस दोन नोकऱ्यांच्या मधे लटकतो. हे कंपनीला ठाऊक असतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

शनिवारी ती सुट्टी टाकून बारक्याबरोबर लिफ्टच्या कंपनीत गेली. स्वागतकक्षातल्या खुर्च्यांवर तासभर बसवून ठेवल्यावर सर्दीवाल्या मॅडमनी आत बोलावलं. वयाने त्या ताईच्याच जोडीच्या निघाल्या. टेबलावर औषधाची बाटली आणि हिशोबाच्या कागदांचा ढीग होता.

"तुम्ही त्या दिवशी फोनवर होतात," त्या ताईला म्हणाल्या.

"हो. मीही पगार विभागातच आहे. भांडायला आले नाहीये. ही तीन पानं फक्त वाचा."

मॅडमनी नेमणुकीचं पत्र वाचलं, बढतीचं वाचलं, पुस्तिकेचं शेवटचं पान वाचलं. मग पुन्हा पहिलं उचललं. बारक्या खुर्चीत मावत नव्हता. गुडघे टेबलाला लागत होते आणि तो ते हलवत होता.

"ही शेवटची ओळ माझ्या लक्षात नव्हती," मॅडम म्हणाल्या. "जुन्या पत्रांची माणसं आता थोडीच राहिलीत. नव्या पत्रात आम्ही एकूण पगारच लिहितो."

"याच्या पत्रात नाही," ताई म्हणाली.

"नाहीये. पण यांनी सही केलीय. पूर्ण व अंतिम."

"सही केली ती तुम्ही दिलेल्या आकड्यावर. आकडाच चुकलेला असेल तर चूक दुरुस्त करायला सही कशी आड येते? उद्या तुम्ही चुकून दहा हजार जास्त दिले असते तर सही झाली म्हणून सोडून दिले असते का?"

मॅडमनी हातातलं पत्र खाली ठेवलं. "नसते सोडले."

"मग?"

"मग मला वर विचारावं लागेल. मी माझ्या अधिकारात परत देऊ शकत नाही. आणि आणखी एक सांगू का, तापाचे तीन दिवस तुम्ही मागणार असाल तर ते मात्र मिळायचे नाहीत. रजेबद्दल पत्रात एक शब्द नाही. तिथे पुस्तिकाच लागते."

"मान्य आहे," ताई म्हणाली.

बारक्या वळला. "मान्य कसं काय आहे? एकशे दोन ताप होता मला."

"पत्र बोलतं तिथे पत्र, पत्र गप्प तिथे पुस्तिका. आपण याच्यावरच तर पैसे मागतोय."

"तू कुणाच्या बाजूने आली आहेस?"

मॅडमनी नजर कागदात घातली. ताईने घरून लिहून आणलेला अर्ज पुढे केला, त्यातला तापाचे तीन दिवस वगळून धरलेला पन्नास दिवसांचा आकडा खोडून त्रेपन्न केला, बारक्याची सही घेतली आणि प्रतीवर पोच मागितली. मॅडमनी तारीख घालून शिक्का मारून दिला.

बाहेर आल्यावर बारक्या म्हणाला, "तीन हजार तू असेच देऊन टाकलेस." आणि रिक्षाची वाट न बघता तो चालू लागला.

पुढचे दिवस नुसते हेलपाट्यांचे गेले. अर्ज वित्त विभागाकडे गेलाय. वित्तप्रमुख परगावी आहेत. वर्षाचं ऑडिट चाललंय. मेल पुन्हा पाठवा, सापडत नाही. दर सोमवारी ताई जेवणाच्या सुट्टीत मेल लिहायची आणि बारक्याच्या मोबाईलवर पाठवायची. तो मेल बारक्या तसाच कंपनीला पाठवायचा, तिला मात्र एक शब्द उलट पाठवायचा नाही. त्याची बायको मधे एकदा बसस्टॉपवर भेटली. म्हणाली, "हॉस्पिटलात काम चांगलं आहे म्हणतात. पण घरी आले की हाच विषय. मुलीने पेन्सिल मागितली तरी म्हणतात, एवढे पैसे गेले. आता मला तर ते पैसे नको झालेत, विषय बंद झाला तरी पुरे." ताईच्याही घरात वेगळं काही चाललेलं नव्हतं. नवऱ्याने एकदा सहज विचारलं, तुझ्या भावाचं काय झालं, तर ती त्याच्यावरच खेकसली होती.

अकरावा सोमवार उलटून गेल्यावर, एका बुधवारी दुपारी, बारक्याच्या खात्यात त्रेपन्न हजार जमा झाले. भरलेले शेहेचाळीस आणि वरचे सात. मेल नाही, फोन नाही, दिलगिरी तर नाहीच. दोन दिवसांनी दुरुस्त केलेला हिशोबाचा कागद आला, त्यावरही 'सुधारित' एवढाच शब्द.

त्या रविवारी बारक्या ताईकडे आला. सकाळची वेळ होती. येऊन तो टेबलाशी बसला, ताईने चहा ठेवला.

"स्कूटर घेतली काल," तो म्हणाला.

"बरं झालं."

"तू नसतीस तर गेले असते पैसे."

"मी नीट ऐकलं असतं त्या दिवशी, तर इतकं झालंच नसतं. तुला पत्र आणायला सांगायला हवं होतं. धंदा आहे माझा तो."

बारक्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. "पण खरं सांगू का ताई, पैसे आले तरी बरं वाटत नाही. त्यांच्या पोराला मी लिफ्टच्या खोडी लिहून देऊन आलो. अकरा आठवडे. एकाने फोन करून चुकलं म्हणायला काय जात होतं?"

"कुणी म्हणत नाही तसं. मीही कधी म्हटलं नाही कुणाला."

चहा संपल्यावर ताईने हॉस्पिटलचं पत्र मागितलं. त्याने मोबाईल पुढे केला. ती यावेळी सगळी पानं सावकाश वाचत गेली. छत्तीस हजारांची अट तशीच होती, आणि सहा महिने व्हायला अजून अडीच महिने होते. नोटीस इथेही नव्वद दिवसांची. 'अथवा त्या बदल्यात पगार.' एवढंच. कुठला पगार ते लिहिलेलं नव्हतं.

"हे बघ," ताई म्हणाली. "मूळ की एकूण, काहीच नाही इथे. आत्ताच विचारून घे. लेखी."

"मी कुठे सोडून चाललोय? आणि दीड वर्ष तर हलताच येणार नाही, नाहीतर छत्तीस हजार परत."

"सोडताना विचारलंस तर त्यांच्या सोयीचं उत्तर मिळेल. आत्ता विचारलंस तर खरं मिळेल."

"अजून कायम व्हायचोय मी, सहा महिने झाल्यावर. पहिल्या चार महिन्यांतच नोटीसचं विचारलं तर काय समजतील ते?"

तो चूक बोलत नव्हता. तिच्या कारखान्यात कुणी असं विचारलं असतं तर साहेब म्हणाले असते, याचं लक्ष इथे नाही, नजर ठेवा.

तरी तिने स्वतःच्या मोबाईलवर दोन ओळींचा मसुदा लिहिला. नेमणूक पत्रातील नोटीसच्या अटीत 'पगार' म्हणजे मूळ की एकूण, कृपया कळवावे. तो तिने त्याला पाठवला. बारक्याच्या खिशात टिंग वाजलं. त्याने मोबाईल काढून वाचलं आणि पुन्हा खिशात ठेवला.

"पाठवशील?"

"कायम झालो की पाठवतो."

"नक्की?"

"बघू ना ताई," तो म्हणाला, उठला आणि दारातून जाताना मान खाली घातली. ताईने त्याचा कप उचलला आणि खाली नवी स्कूटर सुरू झाल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिने मोबाईल उघडून कॅलेंडरमध्ये तीन महिन्यांनंतरची तारीख शोधली आणि लिहून ठेवलं: बारक्याला मेलबद्दल विचारणे.